मदत हवी आहे: चॅटबॉटने समोरच्याची पातळी एका प्रश्नात कशी ओळखावी?

आमच्या कांदा उत्पादक गटासाठी मी एक चॅटबॉट बनवतोय. माती परीक्षणाचा अहवाल आणि खताची शिफारस तो समजावून सांगतो. अडचण अशी की काहींना त्याचं उत्तर बाळबोध वाटतं, तर काहींच्या डोक्यावरून जातं. म्हणून सुरुवातीलाच "तुम्हाला खतांची माहिती किती? कमी, मध्यम की चांगली?" असं विचारून पाहिलं. जवळजवळ सगळ्यांनी "मध्यम" दाबलं. यापेक्षा चांगला प्रश्न कोणता?

बांधावरची_गोष्ट: शिक्षण विचारा. दहावी की पदवी, त्यावरून भाषा ठरवता येईल.

कृषीसेवक_निवृत्त: भाषेपुरतं ठीक आहे, पण विषय किती कळतो ते शिक्षणावरून कळत नाही. सातवी शिकलेले माझे शेजारी गोण्यांचा हिशोब तोंडी करतात. स्वतःबद्दल विचारू नका, छोटं काम द्या: "एकरी 40 किलो नत्र द्यायचं आहे. फक्त युरियातून द्यायचं तर युरिया किती लागेल?" पर्याय 40, 18, 87 आणि "माहीत नाही".

युरियात 46 टक्के नत्र असतं, म्हणून 40 भागिले 0.46, साधारण 87 किलो. जो 40 म्हणतो, त्याला नत्र आणि युरिया एकच वाटतं. त्याला गोणीवरच्या आकड्यापासून सांगा. 18 म्हणणाऱ्याला टक्केवारी माहीत आहे, पण त्याने भागायच्या जागी गुणलं. त्याला एक उदाहरण पुरे. 87 वाल्याला थेट हप्ते सांगा. चुकीचा पर्यायही असा हवा की चूक कुठे झाली ते त्यातून कळेल.

लासलगावकर: माझ्या कांद्याची पात शेंड्याकडून पिवळी पडतेय, युरिया कमी पडला का?

कृषीसेवक_निवृत्त: दादा, शेंडा करपा किंवा फुलकिडेही असू शकतात. फोटोसह वेगळा धागा काढा.

धागाकर्ता: काका, काल सहा जणांना हा प्रश्न दिला. तिघांनी 40 दाबलं, त्यातले दोघे आधी "मध्यम" म्हणाले होते! पण एकाने पर्याय सोडून लिहिलं, "स्फुरद डीएपीतून देणार असाल तर युरिया 70 किलोच." बॉट गोंधळला आणि त्याला पहिल्या पायरीपासून शिकवायला लागला.

कृषीसेवक_निवृत्त: त्याचं बरोबर आहे. एकरी 20 किलो स्फुरद धरलं तर त्यासाठी डीएपी 43 किलो, त्यातूनच पावणेआठ किलो नत्र येतं, म्हणून युरियातून सव्वाबत्तीस किलोच द्यायचं उरतं. पर्यायाबाहेर सकारण उत्तर आलं की त्याला सर्वात वरची पातळी द्यायची, हे बॉटच्या सूचनेत लिहा.

मीनल_ता: आमच्याकडे सासरे आणि दीर एकच फोन वापरतात. बॉटने दिरांचं उत्तर लक्षात ठेवलं तर सासऱ्यांना काहीच कळणार नाही.

धागाकर्ता: हे डोक्यातच आलं नव्हतं, ताई. दर वेळी विचारलं तर लोक वैतागतील. सध्या प्रत्येक उत्तराखाली "अजून सोपं" असं बटण ठेवतोय. कोणी यापेक्षा वेगळं काही करून पाहिलंय का?