सैन्यातली वर्षं जोडायची की नाही, आधी गणित करा

सैन्यातून सुटून सरकारी नोकरीत लागलेल्यांना एक सल्ला ऐकायला मिळतो: «सैन्यातली सतरा वर्षं नव्या नोकरीच्या सेवेत जोडून घ्या, पेन्शन जवळजवळ दुप्पट होते.»

केंद्र सरकारच्या नोकरीत तरी तसं होत नाही. १ जानेवारी २००४ पूर्वी लागलेल्यांना दहा वर्षांच्या अर्हताकारी, म्हणजे पेन्शनसाठी धरल्या जाणाऱ्या सेवेवरच मूळ वेतनाच्या निम्मं पेन्शन मिळतं, पुढची वर्षं त्यात भर घालत नाहीत. माझे मेहुणे सतरा वर्षं सैन्यात होते, २००२ साली बेलापूरच्या एका केंद्रीय कार्यालयात लागले आणि २०२२ ला निवृत्त झाले. वीस वर्षांवर पेन्शन निम्मंच, आणि सैन्यातली वर्षं जोडली असती तरी निम्मंच. फरक पडला असता तो फक्त ग्रॅच्युइटीत: दहा महिन्यांच्या पगाराऐवजी कमाल साडेसोळा महिन्यांचा. त्या साडेसहा पगारांसाठी सैन्याचं पेन्शन कायमचं सोडावं लागलं असतं, शिवाय नव्या नोकरीत आल्यापासून घेतलेलं पेन्शन, पेन्शनचा भाग विकून एकरकमी घेतलेली रक्कम आणि ग्रॅच्युइटीही परत करावी लागली असती. त्यांनी दोन्ही पेन्शनं ठेवली, तेच योग्य झालं.

जोडण्याचा खरा फायदा पेन्शनशिवाय, नुसती ग्रॅच्युइटी घेऊन सुटलेल्या शॉर्ट सर्व्हिसवाल्यांना, म्हणजे ठरावीक थोड्या वर्षांसाठीच सैन्यात असलेल्यांना. त्यांची नागरी सेवा दहा वर्षांपेक्षा कमी भरत असेल तर तीच वर्षं पेन्शन मिळवून देतात. पण वर्षं जोडायचा विकल्प मुदतीत लेखी द्यावाच लागतो. दिला नाही, तर वर्षं जोडायची नाहीत असंच गृहीत धरतात, आणि एकदा दिलेला विकल्प बदलता येत नाही. १ जानेवारी २००४ पासून एनपीएस या वर्गणीवर चालणाऱ्या पेन्शन योजनेत लागलेल्यांना मात्र हे जोडणं पेन्शनसाठी उपयोगाचं नाही.