सहलीचा हिशोब: बाथ, डॉलर, रुपये आणि एकच दर

पाचपाखाडीकर
दिवाळीची साफसफाई करताना माळ्यावरच्या बॅगेत २० बाथची हिरवी नोट सापडली, आणि माझा फोटो छापलेलं आंकोरचं तिकीट. जानेवारी २०२३, आम्ही चौघी, बँकॉक आणि सिएम रीप. सगळं गोड आठवतं, फक्त परतल्यावर तलावपाळीला बसून केलेला हिशोब अजून सलतो.

हॉटेलांचे ४२,००० रुपये मी इथूनच भरले होते. दुसरीने रोख १६,००० बाथ खर्च केले. तिसरीने ४०० डॉलर, त्यात आंकोरची चार तिकिटंच १४८ ची. चौथीने कार्डावर ६,००० बाथ. दर ठरवला बाथला २.५० आणि डॉलरला ८२. एकूण १,२९,८००, माणशी ३२,४५०. म्हणजे चौथीने मला ९,५५०, दुसरीला ७,५५० आणि तिसरीला ३५० द्यायचे. पाच मिनिटांत सगळं उरकलं.

दुसरी मात्र गप्प होती. आठवड्याने फोनवर म्हणाली, मी विमानतळावर २.६८ ने बाथ घेतले होते गं. तिच्या खिशातून ४२,८८० गेले आणि आम्ही ४०,००० धरले. तोवर सगळ्यांचे पैसे देऊन झाले होते, विषय तिथेच राहिला. तुमच्याकडे असं झालंय का? लिहा.

ऐरोलीकर
गूगलवर त्या दिवशीचा दर बघायचा, सगळ्यांना तोच लावायचा. कुणाला बोलायला जागाच नाही. आमचा ग्रुप कायम असंच करतो.

वाशी_सेक्टर१७
फॉरेक्स कार्ड कुठलं घ्यावं? डिसेंबरमध्ये निघतोय.

नेरूळ_पूर्व
ऐरोलीकर, सगळ्यांना एकच दर हे बरोबर. पण गूगलवर दिसतो तो खरेदी आणि विक्रीच्या मधला दर, त्या दराने आपल्या हातात नोटा कुणी देत नाही. तो धरला की बाथ विकत घेणारा दरवेळी मार खातो आणि रुपयांत भरणारा सुटतो.

ताई, तुमच्याच आकड्यांत बघा. बाथ २.६० ने धरला असता तर दुसरीला १,०५० जास्त मिळाले असते, तुमचे आणि तिसरीचे ५५०-५५० कमी झाले असते. चौथीला फक्त ५० चा फरक, कारण तिने जवळपास स्वतःच्या वाट्याएवढेच बाथ भरले होते. म्हणून दर निघायच्या आधी ठरवायचा. नंतर प्रत्येकाला आपापला फायदा दिसायला लागतो.

मी दर एकच ठेवतो आणि नोटा बदलताना गेलेला जादा पैसा वेगळ्या ओळीत लिहितो. तुमच्याकडे ती ओळ २,८८० ची.

पाचपाखाडीकर
चौथीच्या स्टेटमेंटवरही १५,००० ऐवजी १५,४३२ आले होते. बँकेने साडेतीन टक्के मार्कअप आणि त्यावर जीएसटी लावला होता. तिने तेव्हा काहीच मागितलं नाही.

नेरूळ_पूर्व
मग तेही धरा. २,८८० अधिक ४३२ म्हणजे ३,३१२, माणशी ८२८. फक्त ते बाथ सगळ्यांच्या खर्चासाठी घेतलेले हवेत. तिच्या स्वतःच्या खरेदीचे किंवा उरलेले बाथ यात येत नाहीत, म्हणून पावती जपायची. आणि कार्डाच्या यंत्राने 'रुपयांत की बाथमध्ये' विचारलं तर बाथच. रुपये निवडले की दुकानातच वाईट दराने बदलून देतात.

कोपरखैरणे_आई
बिचारी दुसरी, आठवडाभर मनात ठेवलं तिने 😔
आमचं वेगळंच. दिराकडे २०१८ चे उरलेले डॉलर होते, ६८ ने घेतलेले. २०२३ ला सिंगापूरला तेच बदलून सगळ्यांसाठी वापरले. त्याला ६८ धरायचे की ८२? घरात अजून दोन तट आहेत. कुकर झाला, येते.

ऐरोलीकर
६८. खिशातून गेले तेवढेच.

नेरूळ_पूर्व
मी ८२ म्हणेन. त्या दिवशी इथे विकले असते तर जवळपास तेवढेच आले असते.

ऐरोलीकर
मग विमानतळावरचे २.६८ का धरायचे? तिनेही त्या दिवशी विकले असते तर २.५० सुद्धा आले नसते.

नेरूळ_पूर्व
मुद्दा आहे. ते बाथ सहलीसाठीच घेतले होते, डॉलर नव्हते, म्हणून मी फरक करतो. पण दीर मान्य करतील का, सांगता येत नाही.

घोडबंदर_रोड
आमच्या दुबई पॅकेजवर टीसीएस कापला, एकाच्या पॅनवर. तो पण सगळ्यांत वाटला आम्ही.

नेरूळ_पूर्व
अरे नको. ज्याचं पॅन, त्याला तो रिटर्न भरताना मिळतो. त्याच्याकडून परत घ्या.

कोपरखैरणे_आई
आंकोर एका दिवसात होतं का हो?

पाचपाखाडीकर
नाही हो ताई, पळापळ झाली. ३७ चं एका दिवसाचं घेतलं आम्ही. ६२ मध्ये तीन दिवसांचं मिळतं, तेच घ्या.

आत्ताच दुसरीला ८२८ पाठवले, पुढे फक्त 'बाथचे' लिहिलं. तिसरीलाही फोन करते. अजून हिने बघितलेलं दिसत नाही, चकल्या तळत असेल.