मदत हवी आहे: माझं माप १२.९८३, सुपरवायझर म्हणतात अर्धा मिमी चुकला

साकीनाका_ट्रेनी:
उद्या सकाळी तपासणीचा कागद द्यायचाय. एकाच पिनचं माप तीनदा घेतलं, तिन्ही वेळा १२.९८३. सुपरवायझर म्हणतात चूक, पण कुठे ते सांगत नाहीत. व्हर्नियरची रेघ नीट जुळतेय. लवकर सांगा.

भांडुपकर:
व्हर्नियरचे जबडे तिरके धरले की असंच होतं. सरळ डिजिटल घे, नागदेवी स्ट्रीटवर मिळतो.

जुना_फिटर:
भांडुपकर, तो मायक्रोमीटरबद्दल विचारतोय. ट्रेनी, स्लीव्हवर शेवटची कुठली रेघ दिसते? थिंबलवर किती? व्हर्नियरची कितवी जुळते?

साकीनाका_ट्रेनी:
१२ ची दिसते, पुढची अर्ध्याचीही दिसते. थिंबल ४८ च्या जरा पुढे. व्हर्नियरची ३ जुळते, तिच्यासमोर थिंबलवर १ आहे. म्हणून १२.५ + ०.४८ + ०.००३. तो १ कुठे मिळवायचा?

जुना_फिटर:
तो १ कुठेच नाही. रेघ जुळली एवढंच बघायचं, घ्यायचा तो व्हर्नियरचा ३.
चूक अर्ध्याच्या रेघेत आहे. थिंबल ४८ वर म्हणजे अर्धा मिमी पुरा व्हायला दोन घरंसुद्धा उरली नाहीत. रेघेला जाडी असते, म्हणून ती आधीच कडेतून डोकावते. खरंच १२.९८३ असतं तर ती रेघ कडेपासून जवळजवळ अर्धा मिमी लांब, पूर्ण मोकळी दिसली असती आणि डोकावली असती १३ ची. कॅलिपर लावून बघ.

साकीनाका_ट्रेनी:
कॅलिपरवर १२.४८! म्हणजे १२.४८३. दुसऱ्या पिनला थिंबल बरोबर ४८ वर, व्हर्नियरचा ० जुळतो. १२.४८ लिहू ना?

भांडुपकर:
हो. शेवटच्या शून्याने माप बदलत नाही.

जुना_फिटर:
माप नाही बदलत, पण कागदाचा अर्थ बदलतो. १२.४८० लिही. तो शून्य तू डोळ्यांनी वाचलायस. १२.४८ लिहिलंस तर तिसरा आकडा पाहिलाच नाही असं वाचणारा धरेल.

वाशी_क्वालिटी:
पण रिकामा मायक्रोमीटर बंद करून शून्य पाहिलं का?

साकीनाका_ट्रेनी:
आत्ता पाहिलं. रॅचेट फिरवून बंद केला तर थिंबल ० च्या किंचित पुढे, व्हर्नियरची २ जुळते.

वाशी_क्वालिटी:
मग तो ०.००२ जास्त दाखवतोय, प्रत्येक मापातून वजा कर. १२.४८१ आणि १२.४७८. शिवाय मशीनवरून काढलेली गरम पिन लगेच मोजू नकोस. १० अंशांनी जास्त गरम असेल तर एवढ्या स्टीलच्या पिनला मायक्रॉनपेक्षा जास्त फरक पडतो.

जुना_फिटर:
वजा करण्यापेक्षा किल्लीने स्लीव्ह फिरवून शून्य लावून घ्यावं.

वाशी_क्वालिटी:
आमच्याकडे ट्रेनीला किल्ली लावू देत नाहीत. वजाबाकी कागदावर दिसते, ते बरं.

साकीनाका_ट्रेनी:
पिन दुपारी मशीनवरून काढून लगेच मोजली होती. सकाळी थंड झाल्यावर पुन्हा घेतो. आधी टोकं पुसायला कापड चालेल की कागद?