मदत हवी आहे: ढग कसे तयार होतात आणि पाऊस का पडतो, यावर बारा मिनिटांचे भाषण

कृष्णाकाठ
नमस्कार. वाईतील आमच्या वसाहतीच्या गणेशोत्सवात मला या विषयावर बोलायचे आहे. समोर चौथीतली मुले असतील आणि त्यांचे आजी-आजोबाही. उदाहरण जवळचेच घेतले आहे: जुलैत महाबळेश्वरात पाऊस थांबत नाही, आणि पसरणीचा घाट उतरून वाईत यावे तर अनेकदा रस्ता कोरडा असतो. मसुद्यात "ढग डोंगराला अडतात आणि पाऊस पडतो" असे वाक्य आहे. ते ऐकून माझ्या मुलीने विचारले, की ढग पाण्याचेच असतील तर डोंगर येईपर्यंत ते खाली का पडत नाहीत? मला उत्तर देता आले नाही.

शिवाय बाटलीत ढग दाखवण्याचा प्रयोग दोनदा फसला. शीतपेयाच्या दोन लिटरच्या बाटलीत उकळते पाणी ओतले, झाकण लावून ती दाबली आणि सोडली. बाटली वाकडी झाली, आतून काच धुरकटावी तशी धुरकटली, ढग मात्र दिसला नाही.

जुना मास्तर
थंड हवेत वाफ कमी मावते, म्हणून तिचे पाणी होते. पाणी वाढले की ढग जड होतो आणि पडतो. वर्गात मी अनेक वर्षे हेच सांगितले आणि मुलांना ते समजत असे.

घाटमाथा
मास्तर, वाफेचे पाणी होते इथपर्यंत आपले म्हणणे चालेल, पण "ढग जड होतो" येथे मुलीचा प्रश्न तसाच राहतो, कारण ढग एकसंध वस्तूसारखा पडत नाही.

ढगातला कण साधारण 0.02 मिलिमीटरचा असतो आणि पावसाचा थेंब 2 मिलिमीटरचा. मोहरीचा दाणा हा ढगातला कण मानला, तर त्या मापाने पावसाचा थेंब कलिंगडाएवढा होईल. कार्यक्रमात या दोन्ही वस्तू शेजारी ठेवाव्यात. रुंदी शंभरपट म्हणजे पाणी दहा लाखपट. तो बारीक कण सेकंदाला जेमतेम एक सेंटीमीटर खाली येतो, म्हणजे एक किलोमीटर उतरायला त्याला दिवसाहून अधिक वेळ लागेल, आणि खालून वर चढणारी हवा त्याला सहज वरच ठेवते. दोन मिलिमीटरचा थेंब तेवढेच अंतर अडीच-तीन मिनिटांत उतरतो.

तेव्हा खरा प्रश्न असा, की दहा लाख कण एकत्र कसे येतात? नुसती वाफ बसत राहून कण इतका मोठा व्हायला फार वेळ लागतो. मात्र सगळे कण सारखे नसतात. समुद्रावरून आलेल्या मिठाच्या मोठ्या कणावर मोठा थेंब धरतो, तो इतरांपेक्षा भरभर पडतो आणि वाटेतले बारीक कण गिळत जातो.

"डोंगराला अडतात" हे शब्द काढाच. पोलादपूरच्या बाजूची दमट हवा सुमारे 1,300 मीटर वर चढते. वर दाब कमी असल्याने ती फुगते, आणि फुगताना स्वतःच गार होते. त्यामुळे चढावरच नवा ढग बनत राहतो. वाईकडे उतरताना तीच हवा दाबली जाऊन तापते आणि उरलेले कण पुन्हा वाफ होऊन दिसेनासे होतात. म्हणून घाट उतरताना ढग मागे राहिल्यासारखा वाटतो.

गच्चीवरून
मी पुण्यात गच्चीवर डबा ठेवून पाऊस मोजतो. वेधशाळेच्या आकड्याशी माझा आकडा कधीच जुळत नाही. भाषणात याचेही कारण सांगता येईल का?

घाटमाथा
तो वेगळा विषय आहे. डबा भिंतीच्या आडोशाला असेल तर आधी तो हलवून पाहा.

कृष्णाकाठ, आपल्या बाटलीत धूर नव्हता. वाफेला बसायला बारीक कण लागतात. स्वच्छ हवेत ती बाटलीच्या भिंतीवरच जाऊन बसते. उकळते पाणी नको, कोमट पाणी तळाशी दोन बोटे घ्या, जळती उदबत्ती क्षणभर तोंडाशी धरून थोडा धूर आत जाऊ द्या आणि झाकण घट्ट लावा. बाटली जोरात दाबून धरा, मग एकदम सोडा. मागे काळा कागद आणि बाजूने विजेरीचा झोत असावा. पुन्हा दाबली की ढग नाहीसा होतो. महाबळेश्वर आणि वाई त्याच बाटलीत दाखवता येतील.

जुना मास्तर
मान्य. पण पहिला मोठा थेंब नेमका किती वेळात तयार होतो? सगळेच मिठावर अवलंबून असेल, तर समुद्रापासून दूरच्या ढगांत काय होते?

घाटमाथा
उंच ढगांत बर्फाचे कण वाढतात आणि खाली येताना वितळतात, हा दुसरा मार्ग आहे. मात्र बर्फ नसलेल्या ढगात पाऊस इतक्या लवकर कसा सुरू होतो, यावर संशोधकांत अजून एकमत नाही. ढगातल्या भोवऱ्यांमुळे कण अधिक वेळा आदळत असावेत, असे काहींना वाटते.

कृष्णाकाठ
उदबत्ती लावून आज बाटली करून पाहिली. सोडताच आत पांढरा पडदा आला, दाबताच गेला. मुलीने लगेच विचारले, की मग बाटलीत पाऊस का पडत नाही? मोहरी आणि कलिंगड दाखवून तिला सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे बाटली लहान पडते." हे उत्तर बरोबर आहे का?