मदत हवी आहे: शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्याला कोणत्या वेळचा उजेड?

दिल्ली दरवाजा उत्तरेकडे तोंड करून आहे, खरी अडचण तीच. बुरुजांच्या दगडाचा खडबडीतपणा आणि दारावरचे खिळे दोन्ही एकाच फोटोत हवे आहेत.

फेब्रुवारीत पटांगणातल्या एकाच जागेवरून, ३५ मिमी लेन्स, एफ ८, आयएसओ १०० आणि व्हाइट बॅलन्स ५५०० केल्विनला पक्का ठेवून रॉमध्ये तीन वेळा फोटो घेतले. सूर्योदयाला दर्शनी भाग पूर्ण सावलीत. दगड निळसर आला आणि भिंतीसाठी एक्सपोजर धरलं की आकाश पांढरं फटक. दुपारी सूर्य दक्षिणेला, म्हणजे वाड्यामागे, त्यामुळे वरच्या कडेला धूसरपणा आणि कमान काळीकुट्ट. ढगाळ हवेत खिळे नीट दिसले, कारण कमानीच्या आतही उजेड पोचला, पण प्रत्येक खिळ्याची सावली गेली आणि बुरुज सपाट पुठ्ठ्यासारखे दिसले. कॉन्ट्रास्ट वाढवून पाहिला; सावली मुळात नसेल तर ती येणार कुठून!

मेअखेरीस सूर्य पूर्वेच्या वीसेक अंश उत्तरेला उगवतो, म्हणजे भिंतीवर तिरपं ऊन पडायला हवं. दार आत असल्याने ते बहुधा सावलीतच राहील. फ्लॅश वापरायचा नाही, दोन फोटो जोडायचेही नाहीत.

तेव्हा पूर्वेकडच्या इमारती ओलांडून ऊन बुरुजांवर साधारण किती वाजता येतं, आणि त्या वेळी दारावरचे खिळे दिसण्याइतका परावर्तित उजेड कमानीत असतो का?