मदत हवी आहे: टेस्ट पास असताना थेट मेनवर पुश करायला हरकत काय?

शिकाऊ_पाखरू
नमस्कार मंडळी. एका छोट्या कंपनीत इंटर्न आहे. आमची वस्तू विकायची साइट आहे आणि मेन ब्रँचवर काही पडलं की ते आपोआप डिप्लॉय होतं. मला राइट अ‍ॅक्सेस आहे, तरी आमच्या लीड थेट पुश करू देत नाहीत. दोन ओळींचा बदल असला तरी पुल रिक्वेस्ट. कारण विचारलं की "नंतर सांगते". माझ्या लॅपटॉपवर सगळ्या टेस्ट पास होतात. आधी कोणी पुश केलं असेल तर गिट स्वतःच अडवतं:

```
! [rejected]  main -> main (fetch first)
```

मग `git pull` करायचं, कॉन्फ्लिक्ट नसला तर पुन्हा पुश. यात धोका नक्की कुठे आहे?

खडूस_कोडर
आमच्याकडे एकाने `.env` फाइलच पुश केली होती, पेमेंटच्या की सकट. दुसऱ्या कमिटमध्ये ती उडवली, पण जुन्या कमिटमध्ये की तशीच राहिली. शेवटी की बदलावी लागली. तेव्हा `.gitignore` आधी बघा.

शिकाऊ_पाखरू
ते बघितलंय, पण माझा प्रश्न वेगळा आहे.

जुनं_खोड
धोका तुम्ही लिहिलेल्या शेवटच्या पायरीतच आहे. टेस्ट चालवल्या तेव्हा तुमच्याकडे जुना मेन होता. पुलनंतर जो कोड तयार झाला त्यावर टेस्ट कोणीच चालवलेल्या नाहीत, आणि नेमका तोच साइटवर जातो.

समजा `getPrice()` रुपये परत देतं. सहकाऱ्याने पेमेंट गेटवेसाठी ते पैशांत केलं, जिथे जिथे वापरलं होतं तिथे दुरुस्त केलं आणि टेस्टही बदलल्या. त्याच दुपारी तुम्ही वेगळ्या फाइलमध्ये सवलतीचं पान लिहिलं, त्यात `getPrice(item) - 50`. तुमच्याकडे ४९९ ची वस्तू ४४९ दिसते, टेस्ट हिरव्या. त्याच्याकडेही हिरव्या. फाइली वेगळ्या, म्हणून कॉन्फ्लिक्ट नाही. पण एकत्र झाल्यावर ४९,९०० मधून ५० वजा होतात आणि गिऱ्हाइकाला ४९,८५० दिसतात. गिट फक्त ओळी जुळवतं, रुपये की पैसे हे त्याला कळत नाही.

शिकाऊ_पाखरू
बापरे! म्हणजे पुल केल्यावर टेस्ट पुन्हा चालवल्या की झालं?

जुनं_खोड
पुष्कळसं झालं, जर त्या टेस्ट चालू असताना आणखी कोणी पुश केलं नाही तर. आणि घाईच्या दिवशी कोणी त्या पुन्हा चालवत नाही, मीसुद्धा नाही. म्हणून ते काम सर्व्हरवर सोपवायचं.

बिनधास्त_देव
एवढं घाबरायचं कशाला? बिघडलं तर मर्ज कमिट मागे घ्या. `git revert -m 1` आणि पुश, दोन मिनिटांचं काम.

जुनं_खोड
रिव्हर्ट बरोबर, `reset` आणि फोर्स पुशपेक्षा कधीही चांगलं. पण इथे `-m 1` घात करेल. `-m 1` म्हणजे पहिला पालक ठेवा आणि दुसऱ्या बाजूने आलेलं काढा. पुल रिक्वेस्ट मर्ज होते तेव्हा पहिला पालक मेन असतो, त्यामुळे तुमचं म्हणणं तिथे चालतं. स्वतःच्या मशीनवर पुल करून मर्ज झालं की पहिला पालक तुमची स्वतःची कमिट असते. म्हणजे सवलतीचं पान राहील आणि सहकाऱ्याचं पैशांचं काम उडेल. आधी हे बघा:

```
git log --graph --oneline
```

आणि मर्जऐवजी स्वतःच्या कमिटचा हॅश देऊन साधं `git revert` करा.

बिनधास्त_देव
हे माहीत नव्हतं. आम्ही पुल रिबेसवर ठेवलंय, मर्ज कमिटच होत नाही.

जुनं_खोड
मग हा घोळ टळतो. रुपये-पैशांचा टळत नाही.

मुक्ता_क
पण पुल रिक्वेस्टनेही तो टळेलच असं नाही ना? तिच्या टेस्ट सकाळच्या मेनवर चालल्या आणि मर्ज संध्याकाळी झालं तर? शिवाय काही टीम ठरवून ट्रंकवर थेट कमिट करतात आणि त्यांचं चालतं.

जुनं_खोड
खरं आहे. गिटहबवर त्यासाठी `Require branches to be up to date before merging` ही खूण करावी लागते. ती नसेल तर भोक राहतंच. केली, की टीम मोठी असल्यास रांग लागते, प्रत्येकाला पुन्हा पुन्हा अपडेट करावं लागतं. थेट कमिट करणाऱ्या टीमबद्दल माझं मत असं की त्यांच्या टेस्ट दणकट असतात आणि अर्धवट काम फीचर फ्लॅगमागे लपवलेलं असतं. पाखरू, तुमच्याकडे यातलं काय आहे?

शिकाऊ_पाखरू
फ्लॅग नाहीत. टेस्ट मोजक्याच. आणि रिपॉझिटरी प्रायव्हेट, फुकटच्या प्लॅनवर, तिथे मेनला प्रोटेक्शन लागू होत नाही असं दिसतंय.

मुक्ता_क
हो, फुकटच्या प्लॅनवर ते फक्त पब्लिक रिपॉझिटरीला मिळतं. तोवर `pre-push` हुक टाका, मेनवरचा पुश तुमच्याच मशीनवर अडेल. `--no-verify` ने चुकवता येतो, पण चुकून होणारा तरी थांबतो.

शिकाऊ_पाखरू
ठीक, हुक आजच टाकते. एक राहिलंच: रात्री साइट बंद पडली आणि रिव्ह्यूला कोणी जागं नसेल तर काय करता तुम्ही लोक?