बिबड्यांचा भाव: चुरा कोण धरणार?

«बिबडे दोनशे रुपये किलोने विकले. सगळे खपले, पण हातात काहीच उरलं नाही. कुठं चुकतंय?»

ताई, माझाही पहिला उन्हाळा असाच गेला. मी फक्त ज्वारी आणि तिळाचा खर्च धरत होते.

आमचा एक घाणा सांगते. 5 किलो ज्वारी, तीळ, जिरं, लसूण, मिरची, दळण आणि गॅस मिळून 440 रुपये. तीन दिवस ज्वारी भिजते, रोज पाणी बदलायचं, ते मी मोजत नाही. पण शिजवणं, ओल्या कापडावर थापणं, वाळल्यावर मागून पाणी मारून सोडवणं, यात जाऊबाईंचे आणि माझे मिळून दहा तास जातात. पन्नास रुपये तासाने 500. झाले 940.

वाळून माल निघतो 4 किलो. खरी मेख इथंच आहे. सोडवताना, भरताना अर्धा किलो तरी तुटतो, आणि चुरा कुणी विकत घेत नाही (घरी शेंगदाण्यांसोबत संपतो, ती गोष्ट वेगळी). म्हणून 940 ला चारने नाही, साडेतीनने भागायचं: किलोला 269. पाव किलोच्या चार पिशव्या, लेबलासकट 20. म्हणजे 289 ला नुसती बरोबरी होते.

मी घरून 340 ला देते. दुकानदार वीस टक्के कापतो, तिथं 340 लावले तर हातात 272 येतात, म्हणजे पदरचे सतरा गेले. दुकानात 425 च्या खाली ठेवू नका.